घरचा नंबर

"घेऊन आला, ठेवून गेला, झालं त्याचं काम! मामा बनला!" योगराजने फ्रिजवरच्या मोबाइलच्या खोक्याकडे बोट दाखवलं. "निस्तरायचं आपण."

"माझ्या भावाले काही बोलू नका," मंजूने पोळपाट आपटला. "भाचीच्या तेराव्या वाढदिवसाले नागपुरून आला तो. तुम्ही काय देल्ले? केक."

"केक खाऊन संपते. हे संपत नाही."

खोकं वाढदिवसापासून तिथंच होतं, वरचा चमकीचा कागदही कोणी फाडला नव्हता. ज्या पोरीसाठी ते आलं होतं ती पुष्पांजली, घरातली पुष्पू, आतल्या खोलीच्या पडद्यामागे उभी होती. पडद्याखालून तिची पावलं दिसत होती. योगराजच्या आईने, धनवंताबाईंनी, ती पाहिली आणि नजर पुन्हा सुपातल्या लाखोरीच्या डाळीकडे वळवली. बिरसीच्या त्या घरात त्या नवरीच्या पावलांनी आल्या तेव्हापासून पडद्यामागची पावलं त्यांना ओळखू यायची. कधीकाळी ती त्यांचीच असायची.

"तुम्हीच सांगा ना, माय," मंजू म्हणाली. "मागच्या महिन्यात काय झालं, पाह्यलं ना तुम्ही?"

पाहिलं होतं. पुष्पूची शाळा सकाळची, सायकलवरून जाऊन येण्यासारखी. संध्याकाळी मात्र गणिताच्या शिकवणीसाठी ती ऑटोने कुडव्याला जायची. त्या दिवशी परतीचा ऑटो आलाच नाही. पोरगी अंधार पडेपर्यंत कोपऱ्यावर उभी राहिली. मंजू दवाखान्यात नर्स, तिची ड्यूटी चालू. योगराज राइस मिलमध्ये सुपरवायझर. तिथल्या धडधडीत कानाशी ढोल वाजवला तरी ऐकू येणार नाही. पोरीने शेवटी पानठेल्यावाल्याचा फोन मागून आईला लावला. घरी आल्यावर ती रडली नाही. नुसती पाणी प्यायली, एकामागून एक ग्लास.

"त्यासाठी बटनवाला पुरे हाय," योगराज म्हणाला. "ऑटो भेटला, नाही भेटला. बस. एवढंच बोलायचं हाय ना?"

पडद्याला तोंड फुटलं. "बटनवाल्यात शाळेचा ग्रुप येत नाही, बाबा! होमवर्क त्याच्यावरच टाकतेत. मंग मी रोज मम्मीचा फोन मागतो, अन् मम्मी रात्री येते."

"तू आतच राह्य!"

"कायले आत राहीन? तिचाच विषय हाये ना," धनवंताबाई म्हणाल्या. "ये वो बाहेर. लपून ऐकल्यापेक्षा बसून ऐक."

पुष्पू बाहेर येऊन आजीच्या गुडघ्याला टेकून बसली. घरावरून जवळच्या विमानतळावरच्या शिकाऊ वैमानिकाचं विमान घरघरत गेलं. बिरसीत ते कोणी वर मान करून पाहत नसे. फक्त ते जाईपर्यंत बोलणं थांबायचं, आणि भांडणात तेवढी उसंत मिळायची.

"द्या पोरीले," धनवंताबाई विमान गेल्यावर म्हणाल्या. "पण ठरवून द्या."

असं ठरवणं झालं. रविवारी हिमांशुमामा पुन्हा आला आणि फोन चालू करून द्यायला बसला. योगराज शेजारी ठाण मांडून बसला होता, जणू मिलमध्ये पोती मोजून घेतोय. सिमकार्ड योगराजच्या नावावर. अठरा वर्षांखालच्या पोरांना ते मिळतच नाही, हे पुष्पूला पहिल्यांदा कळलं. मग जन्मतारीख भरायची वेळ आली.

"मामा, अठरा वर्षं होतीन असं टाक ना," पुष्पू कुजबुजली. "वर्गातल्या सगळ्या पोरींनं तसंच टाकलं."

"हां, अन् मंग तो फोन तुले अठराची समजून अठराचंच दाखवीन," हिमांशु हसला. "खरी टाक, बेटा. खरी तारीख टाकली तर तुझं खातं मम्मीच्या फोनले जोडता येते. तू नवीन ॲप मागशीन, मम्मी हो म्हणन, मंगच येईन."

"म्हणजे मम्मी माझं सगळं वाचन?"

"वाचत नाही तिथून. कोणतं ॲप किती वेळ चाललं ते दिसते. अन् तू कुठं हायेस ते."

"वाचायचंच असलं तर तुले बाजूले बसवून वाचीन," मंजू म्हणाली. "तुझ्या पाठीमागं नाही. हे मी कबूल करतो."

एकेक नियम निघत गेला. शाळेत फोन न्यायचा नाही. फक्त शिकवणीला न्यायचा. जेवताना कोणाच्याच हातात फोन नको. यावर धनवंताबाई म्हणाल्या, "कोणाच्याच म्हणजे योगराजच्याबी," आणि योगराजने मिलच्या मालकाचं कारण काढलं. मंजूने डोळे वटारले, तेव्हा मालक बाजूला पडला. अनोळखी माणसाला नाव, गाव, शाळा सांगायची नाही. कोणी फोनवर आलेला ओटीपीचा आकडा विचारला, बँकेतून बोलतो म्हणाला, लॉटरी लागली म्हणाला, तर फोन ठेवून द्यायचा. पैशाचं कोणतंच ॲप या फोनात नाही. आपला फोटो कोणाला पाठवायचा नाही, दुसऱ्याचा विचारल्याशिवाय टाकायचा नाही. आणि झोपायच्या आधी फोन ओसरीला लागून असलेल्या बैठकीत, कोनाड्याजवळच्या स्टुलावर चार्जिंगला.

शेवटचा नियम योगराजचा.

"अन् एक आयक, पुष्पू. एक जरी उलटासुलटा फोन आला, एक जरी तक्रार माझ्या कानावर आली, तर फोन जमा. मंग रडायचं नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. नियम शहाणपणाचाच वाटत होता. धनवंताबाईंनाही वाटला.

त्यानंतरचे दिवस घरात गोड गेले. ओसरीलगतच्या त्या स्टुलावर पुन्हा फोन ठेवलेला पाहून धनवंताबाईंचं मन तीसेक वर्षं मागे जायचं. तिथंच काळा, जड, चकतीवाला फोन असे. त्यांचे सासरे दुर्गाप्रसाद पाटील यांनी खटपट करून आणलेला. अख्ख्या आळीत एकच. धनवंताबाईंनी त्याच्यासाठी लोकरीचं लाल आच्छादन विणलं होतं आणि रिसीव्हरलाही टोपडं घातलं होतं. आळीतल्या सगळ्यांच्या लग्नपत्रिकेत तोच नंबर छापला जायचा आणि पुढे लिहिलं जायचं 'पी.पी.', म्हणजे फोन शेजाऱ्याचा, पण माणूस बोलावून देतील. भिलाईहून कोणाचा मुलगा, रायपूरहून कोणाची लेक बोलायची. "थांबा हं, दहा मिनिटानं परत करा, बोलवून आणतो," असं म्हणून धनवंताबाई डोक्यावर पदर घेत गल्लीत धावायच्या. हात पिठाचे असोत की शेणाचे. मग ती बाई यायची, रिसीव्हर उलटा धरायची, एवढ्या मोठ्याने बोलायची की तारेची गरजच पडू नये. कोणाकडे मूल झालं, कोण पास झालं, कोण गेलं, हे आधी त्या स्टुलाला कळायचं. निरोप पोचवायला सुखाच्या घरी जाताना पाय उचलायचे आणि दुसऱ्या घरी जाताना जड व्हायचे. कोणी कधी धन्यवाद म्हटलं नाही. मेथीची जुडी, बोडीतले, म्हणजे लहान तळ्यातले शिंगाडे, ताज्या चिन्नोरचा तांदूळ मात्र ओसरीवर येऊन पडायचा.

म्हणून दिवाळीच्या तोंडावर, मंडईच्या जत्रेची तयारी चालू असताना शेजारच्या कुंदाबाई आल्या, तेव्हा जे झालं ते धनवंताबाईंच्या हातून अगदी सहज झालं.

"काय वो धनवंताबाई, यंदा मंडईले दंडार ठेवली पोट्ट्यांनं. पाम्प्लेट छापून राहिले. खाली नंबर पाहिजे म्हणते. आमच्या वीरेंद्रचा फोन पाण्यात पडला, बंद हाये. तुमच्या घरचा नंबर देता का, पहिल्यासारखा?"

पहिल्यासारखा! धनवंताबाईंना केवढं बरं वाटलं. योगराज मिलमध्ये उचलत नाही, मंजू दवाखान्यात असते. घरचा नंबर म्हणजे घरात त्या स्टुलावर असतो तो. तोच त्यांनी पाठ केलेला होता. जुन्या सवयीने पहिल्याच दिवशी. त्यांनी घडाघडा सांगितला.

"अन् पुढे पी.पी. ल्याहा म्हणा हो."

वीरेंद्रला पी.पी. म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्याने नुसता नंबर छापला. पत्रकं आसपासच्या गावांत खांबांवर लागली, आणि त्याहून जास्त मोबाइलवरून फिरली.

मंडई झाली, दंडारीचं नाटक रात्रभर रंगलं, धान कापणीला लोक लागले. आणि पुष्पू गप्प झाली.

आधी धनवंताबाईंना वाटलं, वयाचं असेल. मग दिसलं की फोन कोणी न सांगता स्टुलावर उलटा पडलेला असतो. एके संध्याकाळी पुष्पू शिकवणीला गेली तेव्हाही तो तिथंच होता.

"वो पुष्पू, फोन राह्यला!" त्यांनी दारातून हाक मारली.

"असू दे, आजी!" ऑटो निघून गेला.

दिवेलागणीची वेळ. धनवंताबाई शिंगाडे सोलत बसल्या होत्या. स्टूल घुर्र घुर्र करायला लागलं. आवाज बंद केलेला फोन थरथरत कडेकडे सरकत होता. थांबला, पुन्हा थरथरला. पडेल म्हणून त्या उठल्या. हिरवं चित्र वर सरकवायचं, हे नातीने शिकवलं होतं.

"हॅलो."

"कौन?" पुरुषाचा आवाज. "वो लडकी को दो ना."

"कोणती लडकी?"

पलीकडे हसण्यासारखं काही झालं आणि फोन कट झाला.

धनवंताबाई फोन हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. तो आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता. पण ते हसणं ओळखीचं होतं.

ऑटो त्या दिवशी पुन्हा दगा देऊन गेला. पुष्पू मैत्रिणीच्या वडिलांच्या स्कूटीवरून उशिरा आली, तोवर मंजू दारात उभी, योगराज मोटारसायकलला किक मारायच्या बेतात.

"फोन कायले घेऊन देल्ला मंग?" तो गरजला. "पूजेले? घरी ठेवून जायचा होता तर घेतला काऊन?"

"विसरली," पुष्पू म्हणाली आणि आत गेली. मुली विसरतात तेव्हा चेहरा असा होत नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर आजीने तिला शिंगाडे सोलायला बसवलं. दोघींच्या मध्ये टोपलं.

"कोण हाये तो?" धनवंताबाईंनी शिंगाड्याचा काटा मोडत विचारलं.

"कोण?"

"ज्याचा फोन येते. काल मी उचलला."

पुष्पूचे हात थांबले. "बाबाले सांगितलं?"

"नाही."

"नको सांगू, आजी. फोन जमा करतीन. अन् मलेच बोलतीन."

"कवापासून होऊन राह्यलं?"

"मंडईच्या आधीपासून. पहिले म्हणे, दंडार कोणत्या दिवशी हाये. मी म्हटलं, राँग नंबर. मंग मेसेज आला. माझा वाढदिवसाचा फोटो लावला होता ना नावाजवळ, तो त्याले दिसला. म्हणे, तूच का ही? मस्त दिसते. मंग रोजच. म्हणे, दुसरा फोटो पाठव, नाही तर तुझ्या घरी सांगतो, तू माह्यासंग बोलते म्हणून." पोरीने हातातला शिंगाडा टोपल्यात टाकला. "मी नाही पाठवला, आजी. शप्पथ. मी काहीच नाही केलं. पण नियम होता ना. उलटासुलटा फोन आला तर..."

"त्याले तुझा नंबर कुठून भेटला?"

पुष्पूने फोनमध्ये कुणीतरी पाठवलेलं पत्रक दाखवलं. दंडारीचं नाव, देवीचं चित्र, आणि खाली ठळक आकड्यांत नंबर. धनवंताबाईंनी तो डोळ्यांजवळ नेऊन वाचला. पाठ असलेला नंबर त्यांनी दोनदा वाचला.

"हा म्या देल्ला, बाई," त्या म्हणाल्या.

पुष्पूने फोन टोपल्याजवळ ठेवला.

"मले वाटलं, घरचा नंबर हाये. पहिल्यासारखा."

"आता तसं नसते, आजी," पुष्पू हळूच म्हणाली. रागावली नाही. उलट आजीच्या बोटात रुतलेला काटा तिने नखाने काढून दिला.

संध्याकाळी जेवणं व्हायच्या आधी धनवंताबाईंनी मुलाला आणि सुनेला बसवलं आणि सगळं सांगितलं, पत्रकासकट. योगराज ताडकन उठला.

"मी म्हणत नव्हतो? आण तो फोन. आण इकडे! आत्ताच्या आत्ता फोडतो!"

त्याने स्टुलाकडे हात नेला. धनवंताबाईंचा हात आधीच फोनवर होता.

"बस खाली."

"माय, तू यात—"

"बस म्हटलं ना. तुह्या आज्याच्या फोनले कुलूप होतं, आठवते तुले?"

योगराज गोंधळला. "हो ना. चकतीच्या भोकात. पितळेचं, लहानसं. बाहेरचे लोक येऊन फोन लावत, म्हणून."

"बाहेरच्यांसाठी नव्हतं ते," धनवंताबाई म्हणाल्या. "चावी मामाजींच्या, माझ्या सासऱ्याच्या, जानव्याले राहे. घरातल्या बायांनं माहेरी फोन लावू नये, म्हणून होतं. आलेला घ्यायचा. लावायचा नाही."

मंजूने हातातलं ताट खाली ठेवलं.

धनवंताबाईंचं माहेर देवरीचं. आई एकटी, थकलेली. भावाच्या घराजवळच्या किराणा दुकानात फोन. एकदा लाइन दुरुस्त करायला बकाराम नावाचा लाइनमन आला. त्याने कुलूप पाहिलं, हसला, आणि रिसीव्हर उचलून तो ज्याच्यावर ठेवतात त्या खुंट्या बोटाने टक टक दाबल्या. फोन लागला! "कुलूप चकतीले हाये, बाई, तारेले नाही," एवढं म्हणून तो गेला. जो आकडा, तेवढ्यांदा खुंटी दाबायची. शून्याला दहा वेळा. दोन आकड्यांच्या मध्ये श्वास घ्यायला थांबायचं. त्या उन्हाळ्यात दर बाजाराच्या दिवशी, सासरे बाजाराला गेले की धनवंताबाई टिचक्या मारून देवरी लावायच्या. आई दुकानात येऊन बसलेली असायची. बोलणं ते काय! "जेवली का?" "हो. तू?" "आंबे आले का तिकडे?" पण त्या 'जेवली का'वर पुढचा आठवडा निघून जायचा.

मग एका दुपारी मोजणं चुकलं. भलतीकडे फोन लागला. त्या काळी लाइन कधी कटेल याचा नेम नसे, म्हणून समोरच्याने उचलल्याबरोबर आधी आपला नंबर सांगून टाकायची रीत होती. धनवंताबाईंनी सवयीने गावाचं नाव आणि नंबर सांगितला. "हॅलो, माय?" म्हणाल्या. पलीकडून एक पुरुष हसला.

"दुसऱ्या दिवशीपासून त्याचा फोन येऊ लागला," त्या योगराजला सांगत होत्या, पण बघत होत्या नातीकडे. "घरी कोणी नसे तवाच. कसं कळे त्याले, देव जाणे. नाही ते बोले. मी ठेवून देई, तर पुन्हा लावे. आळीतल्या बाया ओरडत, धनवंता, फोन वाजून राह्यला वो, बहिरी झाली का? अन् मी चुलीजवळ बसून राहो, कानात बोटं घालून."

"तुमच्या मामाजीले सांगायचं होतं ना," मंजू म्हणाली.

"काय सांगू? कुलूप असलेल्या फोनवरून मी कोणाले नंबर देल्ला?"

मंजू ताट सोडून सासूजवळ येऊन बसली.

"मंग मी टिचक्या मारणंच सोडलं. फोनजवळ जायची हिंमत होत नसे. त्याचा फोन काही दिवसांनं आपोआप बंद झाला. पण माझं भेव नाही गेलं. पाऊस लागायच्या आधी माय गेली. भाऊ नंतर म्हणे, बाजाराच्या दिवशी दुकानात येऊन बसे. दुकानदार म्हणे, घरी जा बुढे, आज नाही येत. तर म्हणे, लाइन खराब असन, थांबतो जराशी."

योगराजने मान खाली घातली होती. आज्याच्या मांडीवर बसून त्या चिमुकल्या कुलपाशी खेळलेला तो पोरगा आता चाळिशी ओलांडलेला बाप होता.

"तुहा नियम तेच कुलूप हाये, बाबू," धनवंताबाई म्हणाल्या. "फोन वाईट नव्हता तवा, अन् आताबी हाये असं मी म्हणत नाही. पोरीनं सांगितलं तर तिचा फोन जाते, असं ठेवलं तर पोरगी सांगन कायले?"

योगराजने पुष्पूला जवळ बोलावलं. ती यायला तयार नव्हती. दोन पावलांवर थांबली.

"नियम बदलला," तो म्हणाला. शब्द त्याला जड जात होते. "काहीबी होवो. तुही चूक असो, नाही तर नसो. तू येऊन सांगितलं, तर फोन जाणार नाही. मी ओरडणारबी नाही."

"ओरडशीन तू," पुष्पू म्हणाली.

"मंग मम्मीले सांग. आजीले सांग. पण सांग."

मग त्याने फोन मागितला. या वेळी हात पसरून. मेसेज वाचता वाचता त्याचं बोट पुसून टाकायच्या खुणेवर गेलं.

"पुसू नका!" मंजू ओरडली. "दवाखान्यात अशी केस आली होती. पोरीच्या बापानं सगळं पुसून टाकलं, मंग ठाण्यात दाखवायले काहीच नव्हतं. पहिले फोटो काढा स्क्रीनचे. त्याचा नंबर, तारीख, सगळं दिसलं पाहिजे. मंग ब्लॉक."

पुष्पूने स्वतःच्या हाताने एकेक मेसेजचा फोटो काढून आईच्या फोनवर पाठवला. बाप शेजारी बसला होता. नंतर मायलेकींनी मिळून नावाजवळचा फोटो फक्त ओळखीच्यांनाच दिसेल असं केलं. अनोळखी माणूस तिला परस्पर कुठल्या ग्रुपमध्ये घालू शकणार नाही, हेही केलं. एवढी चिमुकली बटणं तिथं पहिल्यापासून होती. नियम करायच्या दिवशी ती बघायचं कोणालाच सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी योगराजने मिलमध्ये रजा टाकली. तिघं ठाण्यात गेले. तिथल्या पोलीस बाईंनी पोरीला खुर्ची दिली, आईला शेजारी बसवलं, तक्रार लिहून घेतली आणि त्याच नंबरवर फोन लावला. "कोण बोलतो?" एवढंच विचारल्यावर तिकडचा माणूस "मैडम, मजाक में, मैडम, गलती से" करायला लागला, असं पुष्पूने घरी येऊन आजीला नक्कल करून दाखवलं. किती दिवसांनी ती हसत होती.

प्रश्न राहिला नंबरचा. पत्रकं अजून खांबांवर होती, मोबाइलांत तर कायमची. पुष्पूला नवं सिम घ्यायचं ठरलं.

"अन् जुनं तोडून टाकू," योगराज म्हणाला.

"तोडता कायले? मले द्या," धनवंताबाई म्हणाल्या.

"तुले?"

"दंडारवाल्यांले लोक खेळाची सुपारी द्यायले फोन करतेत. आळीचा नंबर म्हणून छापला हाये, तर कोणीतरी उचलाले पाहिजे ना? अन् तुम्ही सगळे फोनवाले. पोरीले घरी फोन करायचा असला, तर घरी कोणता फोन हाये? तुमच्या मिलमधला का दवाखान्यातला?"

मंजूने कपाटातून तिचा जुना बटनवाला काढला. नव्या फोनचं बारकं सिम त्याच्या मोठ्या खाचेत बसेना, म्हणून योगराजने बाजारातून प्लास्टिकची चौकट आणून त्यात बसवलं. पुष्पूने पहिल्या बटणावर स्वतःचा नंबर ठेवून दिला, आजीला दाबून ठेवायला शिकवलं.

त्यानंतर काही फोन आले. देवरीकडच्या एका गावाला दंडार हवी होती. कोणी वीरेंद्रला विचारत होतं. "थांबा, बोलवून आणतो," असं धनवंताबाईंच्या तोंडून निघून जाई. मग आठवे की वीरेंद्रचा नवा फोन आलाय. त्या त्याचा नंबर, त्याला विचारून, सांगत. एकदा कोणीतरी नुसतं श्वास घेत राहिलं. धनवंताबाई म्हणाल्या, "बोल बाबू, आयकून राह्यलो. म्हातारी हाये मी, मले येळच येळ हाये." फोन कट झाला. पुन्हा आला नाही.

फोन देणं शहाणपणाचं झालं की नाही, यावर घरात अजून एकमत नाही. योगराजला वाटतं, दोन वर्षं थांबलो असतो तर बरं. हिमांशुमामाला वाटतं, ताईच्या घरचे लोक उगाच घाबरतात. पुष्पूची आणि मंजूची वेळेवरून रोज तणतण होते. गणिताच्या नावाखाली रील पाहताना ती दोनदा सापडली, आणि तिसऱ्यांदा, अभ्यास चुकला तो त्याच्यामुळेच, हे तिने स्वतःच येऊन सांगितलं. योगराज ओरडला. मग आठवण होऊन मध्येच थांबला, ते पाहून सगळ्यांना हसू आलं.

थंडी सुरू झाली होती. संध्याकाळी धनवंताबाई ओसरीत शाल पांघरून बसल्या होत्या. बटनवाला फोन वाजला.

"आजी, ऑटो भेटला वो! निघाली मी. जेवायले थांब."

"बरं. पुढे नको बसू. मागे बस."

"मागेच हाये. ठेवतो."

पण तिने ठेवला नाही. गडबडीत बटण दाबायचं राहिलं असावं. फोन तसाच दप्तरात गेला. आधी खसखस झाली, मग ऑटोची धडधड यायला लागली. कोणी बाई विचारत होती, चटणी विकते का तिथं. पुष्पू काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या. एका ठिकाणी ऑटो थांबला, कोणी उतरलं, पुन्हा निघाला. वाऱ्याची सूं सूं ऐकू येत होती.

लाल बटण दाबलं की बंद होतं, हे धनवंताबाईंना ठाऊक होतं. त्यांनी फोन कानाशी नीट धरला, शाल डोक्यावरून ओढून घेतली, आणि पोरगी दारात येईपर्यंत ऐकत बसल्या.